गरम उभ्या भिंतीतून जाणारी उष्णता काढताना या चुका टाळा

सोलापुरात टॉवेल-चादरीचं डाईंग चालतं तिथे गरम पाण्याची चौकोनी लोखंडी टाकी लागतेच. तिला लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, करायचं का, केलं तर किती वाफ वाचेल, हे ठरवायला आधी उघड्या भिंतीतून किती उष्णता जाते ते काढावं लागतं. गणित छोटं आहे. पण यातल्या बऱ्याच चुका उत्तरात दिसतच नाहीत. आकडा पटण्यासारखा येतो आणि आपण पुढे जातो, म्हणून त्या जास्त महागात पडतात.

उदाहरणाला अशीच एक टाकी घेऊ. प्रत्येक बाजू १.५ मीटर रुंद, पाण्याची उंची १ मीटर, भिंतीचं तापमान ९० अंश सेल्सियस, आणि मे महिन्यातल्या दुपारी शेडमधली हवा ४० अंशांवर. हवेचे गुणधर्म दोन्हींच्या सरासरीला, म्हणजे ६५ अंशांच्या फिल्म तापमानाला घ्यायचे. केवळ ४० अंशांचे घेतले की सुरुवातच चुकते. खाली Ra ही रेले संख्या, Nu ही नुसेल्ट संख्या, ΔT हा भिंत आणि हवेच्या तापमानातला फरक, h हा संवहनाचा, म्हणजे हवेच्या प्रवाहाने उष्णता जाण्याचा, गुणांक आणि q ही दर चौरस मीटरमधून जाणारी उष्णता. ν, α, k आणि Pr हे हवेचे गुणधर्म.

```
Ra = g·β·ΔT·L³ / (ν·α)
   = 9.81 × (1/338) × 50 × 1³ / (19.7e-6 × 28.1e-6)
   ≈ 2.6e9

Nu = {0.825 + 0.387·Ra^(1/6) / [1+(0.492/Pr)^(9/16)]^(8/27)}²
   ≈ 165          (Pr = 0.70)

h  = Nu·k/L = 165 × 0.029 / 1 ≈ 4.8 W/m²K
q  = h·ΔT ≈ 240 W/m²
```

नुसेल्ट संख्येचं हे सूत्र चर्चिल आणि चू यांनी १९७५ मध्ये मांडलं. रेले संख्या १०⁹ च्या अलीकडे असो वा पलीकडे, ते चालतं. आपली संख्या त्या सीमेच्या पुढे गेली आहे, म्हणजे भिंतीच्या वरच्या भागात प्रवाह खळबळीचा झालेला आहे. इथे सवयीने संथ प्रवाहाचं `0.59·Ra^(1/4)` वापरलं तर h ३.९ वर येतो, म्हणजे जवळजवळ २० टक्के कमी.

सेल्सियसमधला β

β म्हणजे एक भागिले फिल्म तापमान, आणि ते केल्विनमध्येच हवं: १/३३८. घाईत १/६५ लिहिलं जातं. त्याने रेले संख्या पाचपटीहून जास्त वाढते. एवढी मोठी चूक लगेच लक्षात यायला हवी, पण येत नाही. नुसेल्ट संख्या रेले संख्येच्या साधारण घनमूळाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे पाचपटीचा फरक मवाळ होऊन h ८ वर येतो. मोकळ्या हवेत h ३ ते १० असतो हे पाठ असणाऱ्यालाही ८ खटकत नाही. उष्णता मात्र दोनतृतीयांशाने फुगलेली असते. म्हणून केवळ h पाहून समाधान मानू नका, रेले संख्या स्वतंत्रपणे तपासा. हवेत एक मीटर उंची आणि ५० अंशांचा फरक असेल तर ती दोन-तीन अब्जांच्या घरात यायला हवी.

याच्या उलट चूक ΔT मध्ये होते. फरक केल्विनमध्ये ‘बदलायचा’ म्हणून कुणी ५० मध्ये २७३ मिळवतो. फरक दोन्ही मापांत सारखाच असतो. तिथे काहीही मिळवायचं नाही.

L म्हणजे उंची

उभ्या भिंतीसाठी L ही उंचीच असते, कारण गरम हवा भिंतीला धरून खालून वर चढते आणि तिचा थर त्याच दिशेने जाड होत जातो. क्षेत्रफळ भागिले परिमिती हा नियम आडव्या पृष्ठभागाचा आहे, तो झाकणासाठी ठेवा. उंचीऐवजी १.५ मीटर रुंदी घातली तर h ४.७ येतो, म्हणजे चूक अक्षरशः लपते. प्रवाह खळबळीचा असल्यामुळे लांबीचा परिणाम जवळपास कटून जातो. पण तीच सवय घेऊन उद्या छोट्या पॅनलचं गणित केलंत की उत्तर हुकेल. पत्र्याची ५ मिलिमीटर जाडी L म्हणून घातली तर मात्र h १६ च्या वर जातो. तो आकडा दिसला की आधी L तपासा.

किरणोत्सर्ग विसरणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. वरचे २४० वॅट फक्त संवहनाचे आहेत. रंगवलेल्या पत्र्याची उत्सर्जकता ०.९ धरली आणि आजूबाजूच्या भिंती ४० अंशांवर मानल्या, तर किरणोत्सर्गाने दर चौरस मीटरला जवळपास ३९५ वॅट जातात. म्हणजे अर्ध्याहून अधिक उष्णता आपल्या गणितात आलेलीच नसते! दोन्ही मिळून सुमारे ६३५ वॅट होतात.

इथे ‘आजूबाजू’ म्हणजे हवा नव्हे, तर टाकीला समोर दिसणारे पृष्ठभाग. सोलापुरात दुपारी शेडचा पत्रा हवेपेक्षा बराच तापलेला असतो, तेव्हा किरणोत्सर्ग त्या प्रमाणात घटतो. भिंतीचं आणि पत्र्याचं तापमान आयआर गनने वेगळं मोजून घ्या.

आयआर गनचीही एक गोम आहे. चकचकीत स्टेनलेस स्टीलवर ती रोखली की टाकीपेक्षा समोरच्या भिंतीचंच प्रतिबिंब ती वाचते आणि ९० ऐवजी बरंच कमी दाखवते. वायरमनकडची काळी इन्सुलेशन टेप दोन बोटं रुंद चिकटवा, हवेचे फुगे दाबून काढा, ती भिंतीइतकी तापू द्या आणि गनमध्ये उत्सर्जकता ०.९५ ठेवून टेपवर मोजा. टेपवरचा आणि शेजारच्या धातूवरचा आकडा यांतला फरक पाहिलात की आधीच्या नोंदींवर किती विश्वास ठेवायचा ते कळतं. किरणोत्सर्गाच्या गणितात मात्र धातूची स्वतःची उत्सर्जकता घालायची, टेपची नाही.

पंखा चालू असताना ‘नैसर्गिक’

उकाड्यामुळे कामगारांसाठी पंखा लावलेला असतोच. भिंतीलगत वारा सेकंदाला एक मीटर जरी असला तरी रेनॉल्ड्स संख्या सुमारे ५१ हजार होते, आणि ग्राशॉफ भागिले रेनॉल्ड्सचा वर्ग हे गुणोत्तर दीडच्या आसपास येतं. ते एकपेक्षा खूप मोठं असेल तरच संवहन निव्वळ नैसर्गिक मानायचं. दीडवर दोन्ही प्रवाह मिसळलेले असतात. वारा दोन मीटरवर गेला की गुणोत्तर ०.४ च्याही खाली येतं आणि सक्तीच्या संवहनाचं सूत्र घ्यावं लागतं.

समुद्रसपाटीपासून सोलापूर सुमारे ४५० मीटर उंच आहे. त्यामुळे हवा थोडी विरळ, आणि h तीन-चार टक्क्यांनी कमी. सूत्रच १५-२० टक्के इकडेतिकडे असतं, तेव्हा यासाठी अडून बसू नका. आणि उत्तरात दशांश चिन्हापुढचे आकडेही लिहू नका.

आकडा खरा आहे का

तपासायला टाकीच पुरे. तळ आणि झाकण लॅगिंग केलेलं असेल, तर चार भिंतींच्या ६ चौरस मीटरमधून सुमारे ३.८ किलोवॅट जातात. २.२५ घनमीटर पाण्याला एक अंश थंड व्हायला ९ हजार किलोज्यूलच्या आसपास उष्णता गमवावी लागते. म्हणजे वाफ बंद केल्यावर तापमान तासाला साधारण दीड अंशाने उतरायला हवं. मोजण्याआधी पाणी ढवळून घ्या, नाहीतर वरचं गरम पाणी आणि खालचं निवलेलं पाणी वेगवेगळे आकडे देतील. तासाला चार अंश उतरत असेल तर भिंतीचं गणित पुन्हा करत बसण्याआधी झाकणाच्या कडा पाहा. फटीतून वाफ निसटत असेल, तर पाण्याची उष्णता बाष्पीभवनाने जाते आहे आणि ती या सूत्रात कुठेच नाही.