तेरीज जुळत नसेल तर सस्पेन्स खात्यातून चुकांची दुरुस्ती कशी करावी

तेरजेची बेरीज पुन्हा करून, एकूण एक खात्याची शिल्लक तिच्यात योग्य बाजूला आली आहे याची खात्री करूनही फरक उरला, तरच पुढचे वाचावे. रोख आणि बँक शिल्लक तेरजेत घ्यायची राहून जाणे ही चूक वाटते त्यापेक्षा अधिक वेळा घडते, म्हणून तेवढे आधी पाहावे.

उदाहरण म्हणून जमा बाजू १,९९० ने जास्त आहे असे धरू. नावे बाजू कमी पडत असल्यामुळे सस्पेन्स खाते, ज्याला उचंत खाते असेही म्हणतात, त्याच्या नावे बाजूला १,९९० लिहून तेरीज तात्पुरती जुळवावी. हा फरक किरकोळ खर्चात टाकून मोकळे होण्याचा सल्ला देणारे बरेच भेटतात. तो कधीही मानू नये, कारण त्यामुळे चूक दुरुस्त होत नाही, उलट नफ्याचा आकडाही बिघडतो.

फरकाला दोनाने भागून तेवढी रक्कम चुकीच्या बाजूला गेली आहे का ते पाहणे, किंवा नऊने भाग जात असल्यास उलटसुलट झालेले अंक शोधणे, या युक्त्या चूक एकच असेल तेव्हा उपयोगी पडतात. येथे निम्मी रक्कम ९९५ येते, ती कोणत्याच पुस्तकात सापडत नाही, आणि नऊनेही भाग जात नाही. अशा वेळी चुका एकाहून अधिक आहेत असे समजून आधी सहाय्यक पुस्तकांच्या बेरजा आणि नंतर प्रत्येक नोंदीची खतावणी तपासावी. या तपासणीत चार चुका सापडल्या. विक्री पुस्तकाची बेरीज १,००० ने जास्त झाली होती. एका धनकोला दिलेले ५४० रोकडपुस्तकात बरोबर लिहिले होते, पण त्याच्या खात्याला नावे करण्याऐवजी जमा झाले होते. एका ऋणकोकडून आलेले ७६० त्याच्या खात्यात ६७० असे जमा झाले होते. आणि यंत्राच्या दुरुस्तीचा ३,००० खर्च यंत्र खात्याला नावे पडला होता.

खरी अडचण येथून सुरू होते. शिकत असताना मी सापडलेल्या प्रत्येक चुकीसाठी सस्पेन्स खाते वापरत असे, आणि शेवटी ते खाते बंद होण्याऐवजी नवीच शिल्लक दाखवत असे. ‘जमा जास्त तर सस्पेन्स जमा’ यासारखे पाठ केलेले नियम दोन चुका एकत्र आल्या की गोंधळात टाकतात, म्हणून ते सोडून द्यावेत. त्याऐवजी प्रत्येक चुकीबाबत दोन प्रश्न कागदावर लिहावेत: प्रत्यक्षात खात्यांत काय पडले आहे, आणि काय पडायला हवे होते? दोन्हींमधील फरक प्रथम संबंधित खात्यांत दुरुस्त करावा. त्यानंतर नोंदीची दुसरी बाजू मोकळी राहिली, तरच तेथे सस्पेन्स खाते येते.

धनकोच्या चुकीवर हे नीट दिसते. त्याच्या खात्यावर ५४० नावे हवे होते आणि ५४० जमा पडले. केवळ ५४० नावे केले तर चुकीची जमा रक्कम रद्द होईल, पण मूळ नोंद राहूनच जाईल. म्हणून नावे १,०८० करावे लागतात. रोकडपुस्तक बरोबर असल्यामुळे त्याला हात लावायचा नाही आणि समोरची बाजू सस्पेन्सकडे जाते.

यंत्राच्या बाबतीत मात्र चुकीचे खाते नावे पडले तरी बाजू आणि रक्कम बरोबर होती. त्या चुकीने तेरजेत फरक पाडलाच नाही, त्यामुळे तिच्या दुरुस्तीत सस्पेन्स खाते येऊ शकत नाही.

नोंदी अशा होतात:

१. विक्री खाते नावे १,०००
सस्पेन्स खाते जमा १,०००

२. धनकोचे खाते नावे १,०८०
सस्पेन्स खाते जमा १,०८०

३. सस्पेन्स खाते नावे ९०
ऋणकोचे खाते जमा ९०

४. दुरुस्ती खर्च खाते नावे ३,०००
यंत्र खाते जमा ३,०००

प्रत्येक नोंदीखाली कोणती चूक दुरुस्त केली याचे स्पष्टीकरण लिहावे.

आता सस्पेन्स खात्याच्या नावे बाजूला १,९९० आणि ९० मिळून २,०८० होतात, आणि जमा बाजूला १,००० आणि १,०८० मिळून तितकेच होतात; खाते बंद होते. शिल्लक उरली असती तर एक तर चूक शोधायची राहिली असती किंवा एखाद्या नोंदीची बाजू उलटी झाली असती. पण खाते बंद झाले म्हणजे पुस्तके निर्दोष झाली असे मुळीच समजू नये. यंत्राची चूक सापडली नसती तरीही सस्पेन्स खाते असेच बंद झाले असते, आणि नफा ३,००० ने जास्त दिसत राहिला असता.

अंतिम खाती करेपर्यंत फरक सापडला नाही, तर सस्पेन्सची नावे शिल्लक ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला आणि जमा शिल्लक देयतेच्या बाजूला दाखवावी, आणि शोध पुढील काळात चालू ठेवावा.