सीझन संपल्यावर कोचला लिहायची चिठ्ठी: या चुका टाळा

खो-खोचा शालेय हंगाम संपत आला आणि वार्षिक परीक्षेचं वेळापत्रक लागलं की मैदानावर कोचच्या हातात आभाराच्या चिठ्ठ्या यायला लागतात. चौदा-पंधरा वर्षांची मुलं-मुली मनापासून लिहितात, पण बऱ्याच चिठ्ठ्या वाचून कोचला हे लिहिणारा नेमका कोण तेच कळत नाही. भावना खरी असते, फक्त ती कागदावर उतरत नाही. त्याची कारणं ठरलेली आहेत आणि दुरुस्त करता येण्यासारखी आहेत.

कुणालाही चालेल अशी चिठ्ठी

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. सतरा वर्षांखालच्या संघातल्या एका मुलीचा पहिला खर्डा असा होता:

"आदरणीय सर, तुम्ही माझ्यासाठी खूप काही केलंत. तुमच्यामुळेच मी आज इथपर्यंत पोहोचले. तुमचे उपकार मी आयुष्यभर विसरणार नाही. आपले आशीर्वाद असेच पाठीशी राहू द्या."

यातलं काहीच खोटं नाही. पण हीच चिठ्ठी गणिताच्या सरांना दिली तर एक शब्दही बदलावा लागणार नाही. तपासायचं ते असंच: खेळाचं नाव, सरांचं नाव झाकून वाचा. मैदान डोळ्यांसमोर येत नसेल तर चिठ्ठी अजून लिहून झालेली नाही.

अशा वेळी "सरांबद्दल काय वाटतं?" असं स्वतःला विचारून उपयोग होत नाही, त्यातून पुन्हा मोठे शब्दच येतात. विचारायचं ते हे: जुलै-ऑगस्टमध्ये मला काय जमत नव्हतं, आणि आता काय जमतं? या मुलीकडे उत्तर तयार होतं. ती खो मिळायच्या आधीच उठायची. बसलेल्या गड्याला खो पाठीमागून मिळतो. पळणारी समोरून जाताना दिसते, पण आपली आक्रमक मागे कुठवर आली ते दिसत नाही. मग अंदाजाने उठायची सवय लागते, पंच फाउल देतात, आणि तो दुरुस्त करण्यात जाणारा वेळ पळणारीला आयता मिळतो. सरांनी तिच्यासाठी एक सराव लावला होता. तो कागदावर आला आणि चिठ्ठी अशी झाली:

"सर,
ऑगस्टमध्ये मी खो मिळायच्या आधीच उठायचे. पळणारी समोरून गेली की मला राहवायचंच नाही. तुम्ही मला डोळे मिटून चौकात बसवलंत आणि पाठीला हात लागून 'खो' ऐकू आल्याशिवाय हलायचं नाही म्हणालात. मला तेव्हा राग आला होता. जिल्ह्याच्या सामन्यात त्यांची सगळ्यात चपळ मुलगी माझ्या अगदी समोरून गेली आणि मी बसून राहिले. खो मिळाला तेव्हाच उठले, आणि ती खांबाजवळ बाद झाली. सामना आपण हरलो, पण माझा एकही फाउल नव्हता. घरी गेल्यावर आईला मी आधी तेच सांगितलं. आता सहावीच्या मुलींना मीही डोळे मिटून बसवते.
थँक्यू, सर."

यात "उपकार" नाही, "आशीर्वाद" नाही, आणि तरीही सरांना त्यांची मेहनत कुठे लागली ते दिसतं. "राग आला होता" हे वाक्य काढून टाक असं घरचे म्हणतील. ते राहू द्यावं. राग येऊनही सराव केला, हे त्यातूनच कळतं. आणि हरलेला सामना चिठ्ठीत आला म्हणून काही बिघडत नाही. कोचला निकाल माहीत असतो. तुमच्या मनात काय चाललं होतं ते मात्र तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही.

राखीव खेळाडूची अडचण

खो-खोत नऊ जण मैदानात उतरतात आणि बाकीचे बाहेर बसतात. हंगामभर बाहेर बसलेल्या मुलाला लिहिणं खरंच अवघड जातं. हमखास येणारं वाक्य म्हणजे "मला फारशी संधी मिळाली नाही, तरीही तुमचे आभार." लिहिणाऱ्याला ते नम्र वाटतं, वाचणाऱ्याला त्यातली तक्रार आधी ऐकू येते. "तरीही" हा शब्द आला की वाक्य पुन्हा वाचायचं.

तक्रार दाबून टाका असं मी म्हणत नाही. निवड का झाली नाही हे विचारायचा खेळाडूला पूर्ण हक्क आहे. ते वेगळ्या दिवशी, समोर बसून विचारावं: "सर, पुढच्या वर्षी नऊमध्ये यायला माझं काय कमी पडतंय?" चिठ्ठीत मात्र सरावाबद्दल लिहावं, कारण सराव राखीव खेळाडूही तेवढाच करतो. एकेरी साखळीत पळताना कुठे दमछाक व्हायची आणि ती कशी कमी झाली, खांबावर झेप घ्यायची भीती कोणत्या दिवशी गेली, सरांनी बाहेर बसल्या बसल्या समोरच्या संघाचं काय बघायला शिकवलं. बाहेर बसलेल्या मुलाला खेळ जास्त दिसतो. त्याची चिठ्ठी उलट अधिक भरीव होऊ शकते.

चिठ्ठीच्या शेपटाला काम जोडणं

"ता. क. सर, दहावीच्या क्रीडा गुणांच्या प्रस्तावावर तुमची सही हवी होती." एवढ्या एका ओळीने वरची सगळी चिठ्ठी प्रस्तावना होऊन बसते. सहीचं काम खरं आणि महत्त्वाचं आहे. ते चिठ्ठीच्या आधी उरकावं किंवा आठवड्याने वेगळं सांगावं. महागड्या भेटवस्तूचंही तसंच. पुढच्या वर्षी संघ निवडणाऱ्या माणसाला ती घेताना संकोच वाटतो, आणि ज्यांना परवडत नाही ती मुलं मागे राहतात.

आईबाबांची भाषा

वाक्यं फार घोटीव आली की ती घरच्या मोठ्यांनी लिहिली आहेत हे लगेच ओळखू येतं. एकाच चिठ्ठीत "तुम्ही" आणि "आपण" यांची सरमिसळ झाली की हमखास. मैदानावर "सर", "मॅडम" किंवा "ताई" जे म्हणता तेच लिहावं, आणि "तुम्ही" पुरे. पालकांनी शुद्धलेखन तपासावं, मजकूर बदलू नये.

आणखी एक, पालकांसाठीच. ज्या कोचने मुलाचा अपमान केला, मारलं किंवा मुलाला ज्याची भीती वाटते, त्याला रीत म्हणून आभार लिहायला लावू नका. मूल टाळाटाळ करत असेल तर आधी का ते शांतपणे विचारा.

कुठे आणि केव्हा द्यायची

संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की पाठोपाठ हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते आणि ज्यांनी काही लिहिलं नाही त्यांच्यावर उगाच दडपण येतं. वहीच्या अर्ध्या पानावर आठ-दहा ओळी, स्वतःच्या अक्षरात, घडी घालून हातात द्याव्यात. शेवटच्या सरावाचा दिवस उत्तम. बक्षीस समारंभात सरांभोवती गर्दी असते आणि कागद सत्काराच्या शालीत गुंडाळून घरी जातो. परीक्षेच्या गडबडीत राहूनच गेली तर उन्हाळी शिबिराच्या पहिल्या दिवशी द्या, उशीर झाल्याची माफी मागण्यात दोन ओळी घालवू नका. आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन चुन्याने मैदान आखणारे दादा असतील, तर त्यांच्यासाठी वेगळा कागद घ्या. सरांच्या चिठ्ठीत "दादांनाही थँक्यू सांगा" लिहिलं, तर ते त्यांच्यापर्यंत पोहोचेलच असं नाही.