आमंत्रण इंग्रजीत करताना या चुका टाळा : आधी विचारा, 'मामा' म्हणजे कोण?

लग्नसराई आली की सोलापुरात माझ्याकडे हे काम वाढतं. मराठी पत्रिका छापून झालेली असते आणि मुलाच्या ऑफिसातल्या परदेशी मंडळींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला तोच मजकूर इंग्रजीत हवा असतो. "दहा ओळीच तर आहेत, उभ्या उभ्या करून द्या," म्हणतात. उभ्या उभ्या मी आता करून देत नाही. चुका तिथेच होतात, आणि त्या भाषेच्या नसतात, नात्यांच्या असतात.

सगळ्यात महागात पडतो तो 'मामा'. शब्दकोशात मामा म्हणजे आईचा भाऊ. आपल्याकडे तेवढ्यावर भागत नाही. कितीतरी घरांत आत्याच्या यजमानांनाही मामाच म्हणतात. आणि जिथे आत्याच्या घरी मुलगी द्यायची रीत होती, तिथे आत्याच सासू व्हायची आणि मामा सासरे. आता सून परक्या घरातून आली तरी हाक तीच राहिली आहे.

मी हे काम नव्याने करत होतो तेव्हा एक सूनबाई धाकट्या दिराच्या लग्नाचा मजकूर घेऊन आल्या. पहिलीच ओळ होती, "मामा आणि आत्यांच्या आशीर्वादाने आमच्या भावजींचं लग्न ठरलं आहे." मी लिहून दिलं, नवरदेवाचे मॅटर्नल अंकल आणि पॅटर्नल आंट यांच्या आशीर्वादाने. इंग्रजी अगदी शुद्ध. मजकूर गेला, आणि दुसऱ्या दिवशी मुलाच्या परदेशातल्या एका सहकाऱ्याचं उत्तर आलं. आई-वडिलांच्या माघारी मामा-आत्यांनी लग्न लावून देणं किती मोठ्या मनाचं आहे, असं त्याने लिहिलं होतं. इंग्रजी आमंत्रणात बोलावणारे म्हणून आई-वडिलांची नावं असतात. ती दिसली नाहीत, म्हणून तो बिचारा ते हयात नाहीत असं समजला. इकडे मुलाची आई हळदीच्या तयारीत होती. त्या घरी जाऊन मी माफी मागितली. "आत्या म्हणजे मीच की हो," एवढंच त्या बोलल्या. ते वाक्य मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला मध्ये नवरा-नवरीची नावं लिहितो आणि मजकुरातल्या प्रत्येक माणसाबद्दल विचारतो, "हे नवरदेवाचे कोण?" 'तुम्ही यांना काय म्हणता' असं कधीच विचारत नाही, कारण त्याचं उत्तर सांगणाऱ्यागणिक बदलतं. त्या सूनबाईंचे मामा आणि आत्या माझ्या कागदावर वडील आणि आई झाले असते, आणि भावजी झाले असते त्यांचा धाकटा मुलगा. मग इंग्रजीत सरळ 'द पेरेंट्स ऑफ द ग्रूम' लिहायचं. पाच मिनिटं लागतात. ज्यांना तेवढा धीर नाही, त्यांनी हे काम हातात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

खरा मामा असेल तर मात्र उलट करा. त्याला नुसता 'अंकल' करून काकांच्या रांगेत बसवू नका. मुलीला मांडवात तोच घेऊन येतो, पाहुण्यांना तो समोर दिसणार आहे. म्हणून 'मामा' शब्द इंग्रजीतही तसाच ठेवा आणि पुढे अर्धं वाक्य जोडा : आईचा भाऊ, जो नवरीला मांडवात आणतो. असे दोन-तीनच शब्द ठेवा. दहा ठेवलेत तर आमंत्रण वाचायचं सोडून पाहुणा अर्थच शोधत बसेल.

दीर, मेहुणा, साडू, नणंदेचे यजमान, हे सगळे इंग्रजीत 'ब्रदर-इन-लॉ'. एकाच ओळीत असे चौघं आले की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. नवरीच्या बहिणीचे यजमान, नवरदेवाचा धाकटा भाऊ, असं फोड करून लिहा. व्याह्यांचंही तेच. 'को-फादर-इन-लॉ' आपल्या इंग्रजीत चालतं, बाहेरच्याला ते कळत नाही. 'नवरीचे वडील' पुरे.

'चि. सौ. कां.' मधला 'सौ.' पाहून नवरीला 'मिसेस' करू नका. सौभाग्याची इच्छा करणारी, म्हणजे अजून लग्न व्हायचं आहे ती. इंग्रजीत नुसतं नाव लिहा.

आणि 'कै.' म्हणजे आद्याक्षर नव्हे. आजोबांच्या नावाआधी 'के.' टाकून त्यांना बोलावणाऱ्यांत बसवलेलं मी दोनदा पाहिलंय. तिथे 'लेट' लिहा, आणि ते नाव बोलावणाऱ्यांच्या ओळीतून काढून नवरदेवाच्या नावाखाली घ्या : अमुक यांचा नातू.