बाबांच्या पहिल्या सेंटसोबतची चिठ्ठी कशी लिहावी

स्वतःसाठी कधीच काही न घेणाऱ्या बाबांना सेंटची बाटली दिली, तर ती कुठे जाते हे त्या घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. कपाटात, न घडी मोडलेल्या शर्टांच्या शेजारी. "लग्नकार्याला होईल" म्हणून. त्यामुळे सोबतच्या चिठ्ठीचं पहिलं काम बाटली उघडायला लावणं हे आहे. कौतुक त्यानंतर.

लिहायला बसण्याआधी बाटलीचं वेष्टण काढा आणि एक फवारा स्वतःच्या हातावर मारून बघा. सीलबंद खोकं पाहिलं की बाबा पहिलं वाक्य बोलतात, "परत कर, पैसे वाचतील." सील फोडलेलं असेल तर तो विषय तिथेच संपतो. खोक्यावर किंमत छापलेली असते, ती छोटं लेबल चिकटवून झाका. चिठ्ठीत मात्र किमतीबद्दल काहीच नको. "फार महाग नाही हो" असं लिहिलंत, तर ते आधी किंमतच शोधतील.

आता मजकूर. माझ्या बाबांच्या साठाव्या वाढदिवसासाठी मी पहिल्यांदा जे लिहिलं ते असं होतं: "प्रिय बाबा, आमच्यासाठी तुम्ही आयुष्यभर झिजलात. स्वतःसाठी कधी काही घेतलं नाहीत. ही छोटीशी भेट स्वीकारा." शब्द न् शब्द खरा होता, तरी मी तो कागद फाडला. एक तर यात सेंटबद्दल अक्षरही नाही. हाच मजकूर घड्याळासोबतही चालला असता. दुसरं म्हणजे झिजण्याचा हिशेब मांडला की भेट परतफेडीसारखी वाटते, आणि बाबांना परतफेड नको असते. ते अवघडून "कशाला उगाच" म्हणतात आणि बाटली कपाटात जाते.

म्हणून सुरुवात वासापासून करा. हाच वास का निवडला, हे एका वाक्यात सांगा. ते सांगितलं नाही, तर "माझ्या घामाचा वास येतो की काय" ही शंका माणसाच्या मनात येऊ शकते. बाबांच्या रोजच्या जगण्यातला एखादा वास आठवा: आंघोळीचा चंदनाचा साबण, पूजेचा मोगरा, लग्नात कानात ठेवलेला अत्तराचा फाया. आमच्याकडे उन्हाळा लागला की माठात वाळ्याची जुडी बाबाच टाकतात. म्हणून मी वाळ्याचं सेंट घेतलं, आणि चिठ्ठीला पहिलं वाक्य तिथेच मिळालं.

दुसरा भाग वापराचा. ज्यांनी कधी सेंट लावलेलं नाही त्यांना किती आणि कुठे हे माहीत नसतं, आणि ते विचारणारही नाहीत. मानेला लावा असं सर्रास सांगतात, पण नुकत्याच दाढी केलेल्या कातडीवर अल्कोहोल झोंबतं आणि बाटली पहिल्याच दिवशी नकोशी होते. पांढऱ्या शर्टावर डाग पडू शकतो. छातीवर, वीतभर अंतरावरून दोन फवारे पुरेत. एका फवाऱ्यात साधारण 0.1 मिली जातं, म्हणजे 50 मिलीची बाटली रोज दोन फवाऱ्यांनी आठेक महिने चालते. काटकसरी माणसाला हा हिशेब चिठ्ठीत जरूर द्या. "संपेल" या भीतीपोटीच तर ते वस्तू जपून ठेवतात.

शेवटी मी दिलेली चिठ्ठी अशी होती:

"बाबा,
माठात वाळा तुम्ही टाकता, म्हणून वाळ्याचंच सेंट आणलंय. सील मी फोडलंय, आता परत होणार नाही. आंघोळीनंतर बनियन घालायच्या आधी छातीवर दोन फवारे, रोज. आठ महिने पुरेल. लग्नकार्यासाठी ठेवू नका. संपलं की दुसरं आणते.
– चिमी"

"तीर्थरूप" नाही, "प्रिय"ही नाही. घरात जी हाक मारता तीच लिहा. बाबांना अरे-तुरे करत असाल तर चिठ्ठीतही तसंच. ते सेंट म्हणत असतील तर परफ्यूम लिहू नका. अक्षर चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं मोठं काढा. आणि हौसेनं कार्डावर सेंट मारू नका, बॉलपेनची शाई अल्कोहोलनं पसरते.

कार्ड खोक्यात घातलं तर खोक्याबरोबर रद्दीत जाईल. मी ते दाढीच्या आरशाला खोचलं आणि बाटली बनियनच्या कप्प्यात ठेवली. तिथे अंधारही असतो, ऊन लागत नाही. बाथरूममध्ये ठेवू नका, तिथल्या गरम दमटपणानं वास बिघडतो.

बाबा ते लावतात की नाही, हे बाटलीकडे बघून कळत नाही. पंधरा दिवसांत जेमतेम तीन मिली कमी होतं. विचारूही नका, विचारलं की ते लाजतात. मला कळलं ते तिसऱ्या आठवड्यात, धुवायचे कपडे वेगळे करताना. त्यांच्या बनियनला वाळ्याचा वास येत होता.