लक्ष्मीपूजनात श्रीसूक्त कुठे चुकतं? या चुका टाळा

मुंबईत अमावास्येला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि घरातली माणसं लोकल पकडून सातला पोहोचतात. मग घाईत मोबाइलवर श्रीसूक्त लावलं जातं. गेल्या वर्षी गिरगावात शेजारच्या काकूंकडे हेच झालं. मुलगा अजून पंचामृताच्या वाट्या शोधत होता, तोवर रेकॉर्डिंग संपून फलश्रुती सुरू झाली. काकू हिरमुसल्या, कारण देवीला गंध लावताना ऐकू येत होती भलतीच ऋचा.

श्रीसूक्ताच्या ऋचा उपचारांना जोडलेल्या आहेत. ‘हिरण्यवर्णां’ आवाहनाला, ‘आदित्यवर्णे’ स्नानाला, ‘गन्धद्वारां’ गंधाला आणि ‘आर्द्रां पुष्करिणीं’ नैवेद्याला. म्हणून एक ऋचा म्हणायची, तो उपचार करायचा, मग पुढची. सूक्त येत नसेल तर प्रत्येक उपचाराला ‘श्रीमहालक्ष्म्यै नमः’ पुरतं. रेकॉर्डिंग लावायचंच असेल तर फक्त अभिषेकाला लावा. तिथे अख्खं सूक्त शोभतं.

सगळ्यात जपायची ती आठवी ऋचा: ‘क्षुत्पिपासामलां ज्येष्ठामलक्ष्मीं नाशयाम्यहम्’. इथे शब्द आहेत ज्येष्ठाम् आणि अलक्ष्मीम्, म्हणजे लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी, जिला घालवायचं. पुष्कळजण ‘ज्येष्ठाम’ म्हणून श्वास घेतात आणि पुढे ‘लक्ष्मीं नाशयाम्यहम्’ म्हणतात. ‘लक्ष्मीचा मी नाश करतो’ असा उलटा अर्थ झाला! ‘ज्येष्ठामलक्ष्मीं’ एका श्वासात म्हणा. मुलांना शिकवताना ‘ज्येष्ठाम्, अलक्ष्मीम्’ असं फोडून दाखवा, मग जोडून म्हणवून घ्या.

आता क्रम. आचमन आणि संकल्प झाला की आधी सुपारीवर गणपती, मग कलश, शंख, घंटा, दिवा यांची पूजा, त्यानंतर देवी. तसबिरीवर पाणी घालता येत नाही, म्हणून चांदीचं नाणं किंवा छोटी मूर्ती ताम्हनात घ्या. तसबिरीला फुलाने नुसतं प्रोक्षण करा. दूध, दही, तूप, मध, साखर या क्रमाने पंचामृत वाहा आणि प्रत्येकानंतर शुद्ध पाणी घाला.

इथेच आमच्याकडे एकदा गडबड झाली. ओल्या नाण्यावरच हळदकुंकू वाहिलं, त्याचा चिखल झाला आणि लाल ओघळ थेट पाटावरच्या अक्षतांत गेला. म्हणून मऊ फडकं हाताशी ठेवा. नाणं पुसून पाटावर ठेवा, वस्त्र वाहा आणि मगच गंध, हळदकुंकू, फुलं.

धूप आणि दीप आधी, नैवेद्य नंतर. लाह्या, बत्तासे, धणे-गूळ ठेवण्याआधी खाली पाण्याने चौकोन काढा. मग विडा, दक्षिणा, आरती आणि मंत्रपुष्पांजली. पूजेत कुबेर आणि नवी केरसुणीही असते, तिला हळदकुंकू लावायला विसरू नका.

आरती झाली की सवयीने लगेच उत्तरपूजा उरकू नका. त्या रात्री देवी घरी राहते, समई तेवत ठेवा. पाडव्याला सकाळी अक्षता वाहून नाणं उचला आणि कपाटात ठेवा.