लायब्ररी निवडताना: xlsx च्या तपासणीतून आलेला अनुभव

सोलापूरच्या एका टॉवेल उत्पादकासाठी आम्ही ऑर्डरनोंदणीची प्रणाली लिहीत होतो. व्यापारी आपली मागणी एक्सेलमध्ये पाठवत असत, म्हणून ती फाइल वाचण्यासाठी मी npm वरून xlsx ही लायब्ररी घेतली. तिचे डाउनलोड प्रचंड होते आणि तेवढ्यावरच मी विश्वास ठेवला. ही माझी चूक होती, कारण डाउनलोडचा आकडा जुन्या प्रकल्पांनी केलेला वापरही मोजतो, आजची देखभाल मोजत नाही. पुढे या आज्ञा चालवल्या तेव्हा खरी स्थिती कळली.

```
npm view xlsx time
npm audit
```

पहिल्या आज्ञेत दिसले की npm वरील शेवटची आवृत्ती 0.18.5 असून ती 2022 मधील आहे. दुसरीने गंभीर दोष दाखवून `No fix available` असे सांगितले. एवढ्यावरून प्रकल्प सोडून दिला गेला आहे असा निष्कर्ष कोणीही काढेल, पण प्रकल्पाचे स्वतःचे दस्तऐवज वाचल्यावर कळले की निर्मात्यांनी npm वर नव्या आवृत्त्या देणे थांबवले असून त्या ते स्वतःच्या सर्व्हरवरून देतात. CVE-2023-30533 हा दोष 0.19.3 मध्ये आणि CVE-2024-22363 हा 0.20.2 मध्ये दुरुस्त झालेला आहे. म्हणून देखभाल तपासताना आधी प्रकल्प प्रत्यक्षात कुठे चालतो, हे शोधावे लागते.

दोषाचा मजकूरही पूर्ण वाचावा. 2023 चा दोष मुद्दाम बिघडवलेली फाइल वाचताना उद्भवतो. केवळ एक्सेल फाइल तयार करणाऱ्या प्रणालीला त्याचा धोका नाही. आम्ही मात्र बाहेरून आलेल्या फाइल वाचत होतो, त्यामुळे बदल टाळता येण्याजोगा नव्हता.

परवाना अडचणीचा ठरला नाही. अपाचे 2.0 व्यावसायिक वापराला मोकळीक देतो. वितरण करताना परवान्याचा मजकूर व श्रेयनोंदी सोबत ठेवाव्या लागतात. आकाराचा प्रश्न आमच्यापुरता गौण होता, कारण फाइल सर्व्हरवर वाचली जात होती. हाच कोड ब्राउझरमध्ये जाणार असता, तर मंद जोडणीवर पान उघडायला लागणारा वेळ मी आधी मोजला असता.

प्रकल्प उद्या खरोखरच थांबला तर काय, या शंकेपोटी आम्ही दोन गोष्टी केल्या. दुरुस्त आवृत्तीची .tgz फाइल आमच्याच रिपॉझिटरीत ठेवून तिथूनच ती बसवली, म्हणजे बाहेरचा सर्व्हर बंद पडला तरी आमचे बिल्ड अडणार नाही. शिवाय लायब्ररीचे सर्व कॉल `readOrder.js` या एकाच फाइलमध्ये आणले. बाकीच्या कोडला केवळ ओळींची यादी मिळते, त्यामुळे लायब्ररी बदलण्याची वेळ आली तर तेवढी एकच फाइल नव्याने लिहावी लागेल. या व्यवस्थेची एक किंमत आहे: नवी आवृत्ती आल्याचे npm आता आम्हाला सांगत नाही, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रकल्पाची बदलनोंद हाताने पाहण्याचे काम एका सहकाऱ्याच्या नावावर लिहिलेले आहे.