आयेल्ट्सच्या स्पीकिंगमध्ये लांब शब्दांचा स्ट्रेस कसा सुधारायचा

आयेल्ट्सची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं की आपला अॅक्सेंट भारतीय आहे म्हणून उच्चाराचे मार्क जातात. तसं नसतं. एक्झामिनरला जगभरचे अॅक्सेंट ऐकायची सवय असते, त्याचे कोणी मार्क कापत नाही. स्पीकिंगचे चार निकष आहेत आणि उच्चार हा त्यातला एक, बाकी तिघांइतक्याच वजनाचा, आणि त्यात मुख्य बघतात ते ऐकणाऱ्याला समजून घ्यायला किती कष्ट पडतात ते. आणि कष्ट पडतात ते बहुतेक वेळा लांब शब्दांत, तीन-चार-पाच सिलॅबलवाल्या, म्हणजे तितक्या तुकड्यांत बोलल्या जाणाऱ्या, जिथे जोर, म्हणजे स्ट्रेस, चुकीच्या जागी पडतो.

आधी हे घडतं कसं ते बघू, म्हणजे पुढचा सराव कशासाठी करायचा ते कळेल. समजा सांगलीकडची एक मुलगी पार्ट वनमध्ये सांगतेय की माझी आई शाळेच्या कमिटीवर आहे. मराठीत बोलताना ती छान 'कमिटी' म्हणते, पण इंग्रजीत बोलायला गेली की डोळ्यासमोर स्पेलिंग येतं, त्यातला ओ दिसतो आणि तोंडातून 'ˈकॉमिटी' निघतं, जोर सगळा पहिल्या तुकड्यावर. (ती उभी खूण ज्या तुकड्याआधी आहे तिथे जोर, पुढेही तसंच वाचा.) खरा उच्चार आहे क-ˈमि-टी. इंग्रजी कान जोराच्या तुकड्यापासून शब्द शोधायला लागतो, त्याला 'कॉ' ठळक ऐकू आला, त्यात आपला ट बिनहवेचा, त्यांना ड सारखा लागतो, मग जो शब्द सापडतो तो 'कॉमेडी'. आई शाळेच्या कॉमेडीवर आहे? एक्झामिनर मनात मागे जातो, वाक्य जुळवतो, तोवर मुलीची पुढची दोन वाक्यं होऊन गेलेली असतात आणि ती त्याने अर्धवट ऐकलेली असतात. नुकसान त्या एका शब्दाचं नसतं, त्याच्या मागून येणाऱ्या वाक्यांचं असतं.

'इम्पॉर्टन्ट'चंही असंच. जोर 'पॉर'वर पाहिजे. तो पहिल्या 'इम'वर टाकला आणि मधला तुकडा गिळला की ब्रिटिश कानाला 'नपुंसक' या अर्थाचा शब्द ऐकू येतो. 'माझ्या आयुष्यात माझे वडील फार...' असं वाक्य असेल तर विचार करा.

आता कामाला लागू. फोनवर पार्ट टूचं एखादं क्यू कार्ड घेऊन दोन मिनिटं बोला आणि रेकॉर्ड करा. पाठ केलेलं नको, सुचेल तसं. मग ऐकताना फक्त तीन किंवा जास्त सिलॅबलचे शब्द कागदावर उतरवा. सगळं शब्दकोश भरून सराव करायची गरज नाही, प्रत्येकाचे ठरलेले लांब शब्द असतात आणि तेच तेच येतात: डेव्हलपमेंट, अपॉर्च्युनिटी, इकॉनॉमी, एक्सपिरियन्स, कॅरॅक्टर, इंडस्ट्री.

मग केंब्रिज किंवा ऑक्सफर्डची ऑनलाइन डिक्शनरी उघडून प्रत्येक शब्द बघा. उच्चाराच्या लिपीत वरच्या बाजूला ˈ खूण असते, तिच्या लगेच पुढचा तुकडा जोराचा. खाली ˌ असेल तर तो दुय्यम जोर, सुरुवातीला दुर्लक्ष केलं तरी चालेल. ऑडिओ ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही असतात. 'अॅडव्हर्टाइजमेंट', 'लॅबोरेटरी' अशा काही शब्दांत दोघांचा जोर वेगळा असतो, परीक्षेत दोन्ही चालतात, उगाच गोंधळून जाऊ नका. इंडस्ट्री आणि कॅरॅक्टर बघाल तेव्हा जोर पहिल्याच तुकड्यावर दिसेल, ˈइन-डस-ट्री, ˈकॅ-रक-टर, आपल्याकडे सर्रास दुसऱ्यावर टाकतात.

आता खरी मेहनतीची पायरी, आणि इथेच बहुतेक लोक उलटं करतात. जोर कुठे ते कळलं की तो तुकडा ओरडून म्हणतात आणि बाकीचे तुकडेही पहिल्यासारखेच भरघोस ठेवतात. त्याने काही होत नाही, उलट भांडल्यासारखं वाटतं. जोराचा तुकडा थोडा लांब, थोडा उंच सुरात आणि स्वच्छ स्वराचा असतो हे खरं, पण तो उठून दिसतो तो बाजूचे तुकडे दबलेले असतात म्हणून. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखा न्याय देतो, इंग्रजीत तसं नाही, तिथे बिनजोराच्या तुकड्यातला स्वर स्पेलिंग काहीही असो, झिजून बहुतेकदा आपल्या 'अ'सारखा होतो. 'कमळ'मधल्या क मध्ये जो आहे तोच. म्हणजे हा स्वर शिकायचा नाहीये, तो आपल्याकडे आहेच, फक्त ओ आणि ए दिसल्यावर तो वापरायचं धाडस होत नाही. फोटोग्राफर घ्या. आपण म्हणतो फो-टो-ग्रा-फर, चारही दणदणीत. पाहिजे फ-ˈटॉ-ग्र-फर. 'फो'चा फ झाला, 'ग्रा'चा ग्र झाला, आणि मग 'टॉ' न ओरडताही पुढे आला.

हे जमायला आधी शब्द सोडून नुसती चाल गुणगुणा: ड-डा-ड-ड. दोन-चारदा चाल पक्की झाली की तिच्यात शब्द घाला. गंमत म्हणजे एकाच चालीत पुष्कळ शब्द बसतात, डि-ˈवे-लप-मन्ट, इ-ˈकॉ-न-मी, क-ˈम्यु-न-टी सगळे त्याच चालीचे. ड-ड-डा-ड-ड या पाच तुकड्यांच्या चालीत अपॉर्च्युनिटी, युनिव्हर्सिटी, अॅग्रिकल्चरल. कागदावरची यादी ए टू झेड लावण्यापेक्षा अशी चालीप्रमाणे लावा, पाठांतर निम्मं होतं.

शब्दाचं शेपूट बदललं की जोर सरकतो, हेही इथेच बघून घ्या, कारण एकाच उत्तरात एकाच घराण्यातले दोन-तीन शब्द येतात. फोटो काढणारा फ-ˈटॉ-ग्र-फर, पण फोटोग्राफिकमध्ये जोर 'ग्रॅ'वर. इकॉनॉमीत 'कॉ'वर, इकॉनॉमिक्समध्ये 'नॉ'वर. शेवटी शन, इक किंवा इटी असेल तर जोर साधारण त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर येतो: कॉम्पिटिशनमध्ये 'टि'वर, रिस्पॉन्सिबिलिटीत 'बि'वर. मेंट, नेस, ली लागलं तर सहसा काही हलत नाही, डेव्हलपचा जोर 'वे'वर आहे तर डेव्हलपमेंटचाही तिथेच. अपवाद आहेतच, पॉलिटिक्स आणि टेलिव्हिजनमध्ये जोर पहिल्यावर, म्हणून नियम लावला तरी एकदा डिक्शनरीत बघायचंच.

सुटा शब्द जमला म्हणजे झालं असं नाही, बोलण्याच्या ओघात जुनी सवय परत येते. म्हणून प्रत्येक शब्दाचं तुमच्याच विषयाचं एक वाक्य करा, तेच क्यू कार्ड परत रेकॉर्ड करा, आणि विषय माहीत नसलेल्या कोणाला तरी ऐकवा. त्याने ऐकू आलेले लांब शब्द लिहायचे, एकदाच ऐकून, पॉज न करता. जिथे त्याने जागा सोडली किंवा भलताच शब्द लिहिला तो शब्द अजून कच्चा. शक्यतो मराठी माणूस नको, तो आपल्या चुकीच्या जोरासकट बरोबर ओळखतो, तमिळ किंवा बंगाली कलीग असेल तर उत्तम, परदेशातली ओळख असेल तर अजूनच बरं.

एखाद-दुसरा शब्द चुकला तर बँड खाली येत नाही, संदर्भाने कळून जातं. त्रास होतो तो चूक वारंवार होत राहिली तर, किंवा तो शब्दच उत्तराचा खुंटा असेल आणि पहिल्याच वाक्यात, मागेपुढे काही नसताना आला तर. परीक्षेत बोलताबोलता जाणवलं की शब्द पोचला नाही, तर तोच शब्द मोठ्याने परत म्हणू नका, चुकीचा जोर अजून ठळक होतो. पुढच्या वाक्यात अर्थ सांगून टाका: आई शाळेच्या कमिटीवर आहे, तिथे पालक आणि शिक्षक मिळून निर्णय घेतात. 'पालक', 'निर्णय' ऐकले की कॉमेडी आपोआप बाद होते, आणि तुम्ही अडखळलात असंही दिसत नाही.